रुमालाखालचा भाव

कापसाच्या आणि धान्याच्या बाजारात एके काळी भाव बोलला जात नसे, दाबला जाई. व्यापारी आणि अडत्या समोरासमोर उभे राहत, हातावर उपरणं किंवा रुमाल टाकत आणि त्याखाली बोटं धरून, दाबून आकडा ठरवत. या रीतीला हत्ता म्हणत. गाडीभर कापूस घेऊन आलेला शेतकरी दोन पावलांवर उभा असे, पण रुमालाखाली काय चाललंय ते त्याला कळत नसे. शेजारच्या गाडीला काय भाव मिळाला तेही कळत नसे. सौदा झाल्यावर अडत्या सांगेल तो आकडा त्याने ऐकायचा.

वऱ्हाडात १८९७ च्या कायद्याने बाजारांवर नियंत्रण आणलं. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला आणि त्याखाली नियंत्रित झालेल्या सुरुवातीच्या बाजारांमध्ये आपलं धुळं होतं. पुढे उघड लिलावाची पद्धत रुजली आणि भाव सगळ्यांच्या कानावर पडेल असा पुकारला जाऊ लागला. आता त्याच धुळ्यात आणि जळगावात मोबाइलवर रोज शेकडो फोटो फिरतात: उडदाचे पापड, बिबड्या, कुरडया, सुरतेहून आलेल्या साड्या, एक ग्रॅम सोन्याचे दागिने. फोटोखाली लिहिलेलं असतं, ‘किमतीसाठी मेसेज करा’. खाली कुणीतरी विचारतं, ‘काय भाव शे ताई?’ आणि उत्तर येतं, ‘इनबॉक्स केलंय.’ भाव पुन्हा रुमालाखाली गेला.

विकणारी बाई वाईट हेतूने असं करते असं मला वाटत नाही. तिची कारणं खरी असतात. समोरच्या गल्लीतली दुसरी पापडवाली आपला भाव बघून पाच रुपये कमी लावेल अशी भीती असते. आकडा बघूनच लोक ‘महाग आहे’ म्हणून पुढे सरकतील, त्यापेक्षा आधी बोलणं होऊ द्यावं, माल कसा आहे ते सांगता यावं, असं वाटतं. घासाघीस करणाऱ्यासाठी थोडी जागा ठेवायची असते. शिवाय ‘किंमत?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक कमेंटमुळे पोस्ट वर राहते, हेही एव्हाना सगळ्यांना कळलं आहे.

यातली पहिली भीती सगळ्यात पोकळ आहे. जिला तुमचा भाव चोरायचाय, ती नणंदेच्या नंबरावरून एक मेसेज टाकते आणि दोन मिनिटांत भाव काढून घेते. झाकलेला भाव प्रतिस्पर्ध्यापासून झाकला जात नाही. झाकला जातो तो त्या गिऱ्हाइकापासून, ज्याला अनोळखी बाईला मेसेज करायला संकोच वाटतो.

दुसऱ्या भीतीचा विचार मात्र नीट करायला हवा, कारण तिच्यात एक गमतीचं गणित दडलेलं आहे. १९८१ साली सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रॉम या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी ते वेगवेगळं मांडलं. ते बोलत होते मालाच्या दर्जाबद्दल, पण भावालाही ते तसंच लागू पडतं. समजा बाजारात दहा पापडवाल्या आहेत. जिचा भाव सगळ्यात कमी आहे, तिला तो छापण्यात फायदाच आहे, म्हणून ती छापते. उरलेल्या नऊजणींत जिचा भाव सर्वांत कमी, तिला गप्प बसून महागड्या आठजणींच्या रांगेत मोजलं जायचं नसतं, म्हणून तीही छापते. असं एकेक करत गेलं की गप्प राहते ती फक्त सगळ्यात महाग. गिऱ्हाइकाला हे गणित कुणी शिकवलेलं नसतं, पण ते त्याच्या अंगात भिनलेलं असतं. जिथे आकडा दिसत नाही, तिथे तो मनात जास्तीचा आकडा धरतो. म्हणजे ‘महाग वाटेल’ म्हणून भाव झाकणारी बाई, तिचा भाव रास्त असला तरी, स्वतःला महागड्यांत बसवून घेते.

मग सगळंच उघड छापायचं का? नाही. एक प्रश्न विचारून ते ठरवता येतं: भाव सांगण्याआधी मला गिऱ्हाइकाकडून काही कळायला हवं आहे का? काहीच कळायला नको असेल, तर भाव मालाचा आहे आणि तो छापावा. कळायला हवं असेल, म्हणजे माप, गाव, तारीख, माणसांची संख्या, तर भाव कामाचा आहे आणि तो विचारल्यावरच सांगता येतो. गिऱ्हाईक कोण आहे, त्याची ऐपत किती, एवढंच कळायला हवं असेल, तर तो हत्ताच.

हे एका घरगुती धंद्यावर लावून बघू. समजा धुळ्याला देवपुरात एक ताई उन्हाळी वाळवणं करून विकतात. उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या चिकाच्या कुरडया, आणि लग्नसराईत खापरावरचे मांडे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्या घरचे वेगळे असतील.

उडदाचा पापड आधी घेऊ. डाळ दळून आणणं, पापडखार, हिंग, मिरी, तेल, लाटणाऱ्या बायकांची मजुरी आणि पिशवी धरून किलोला २८० रुपये पडतात. ताई किलोला ३६० घेतात. यात गिऱ्हाइकाला विचारण्यासारखं काय आहे? काहीच नाही. किलो म्हणजे किलो. तरीही भाव झाकला, तर हंगामातल्या एका दिवशी पंचवीस मेसेज येतात. ‘काय भाव?’, ‘३६०’, ‘कमी नाही का होणार?’, ‘नाही ताई, घरचा माल आहे’, ‘बरं, सांगते’. या एका फेरीला चार मिनिटं धरली तरी पंचवीसांना शंभर मिनिटं गेली. हे मेसेज येतात ते नेमके सकाळच्या वेळी, जेव्हा पीठ कुटून झालेलं असतं, लाट्या पाडलेल्या असतात आणि ऊन चढायच्या आत पापड अंगणातल्या साड्यांवर पडायला हवे असतात. उत्तराला दुपार झाली, की विचारणारीने तोवर दुसरीकडे ऑर्डर दिलेली असते.

भाव छापल्यावर मेसेज कमी होतात आणि ते बघून आधी धस्स होतं. इथे मोजायचं काय ते आधी ठरवायला हवं. मेसेज किती आले ते मोजू नये. ‘पत्ता पाठवते’ किंवा ‘पैसे टाकते’ इथवर किती बायका पोचल्या ते मोजावं. वहीचं एक पान घ्यावं आणि दोन रकाने करावेत: नुसतं विचारणाऱ्या आणि घेणाऱ्या. एक आठवडा भाव झाकून, पुढचा आठवडा त्याच मालाचा भाव छापून, त्याच वेळी पोस्ट टाकून बघावं. दुसऱ्या आठवड्यात पहिला रकाना आटला आणि दुसरा तेवढाच राहिला, तर ताईंची शंभर मिनिटं रोज वाचली आणि गमावलं काहीच नाही. दुसरा रकानाही आटला, तर भाव खरंच बाजारापेक्षा चढा आहे किंवा फोटोतून मालाचा कस दिसत नाही. दोन्ही गोष्टी कळणं चांगलंच, कारण झाकलेल्या भावामुळे त्या कळत नव्हत्या. अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आपल्या आखाजीचा आठवडा मात्र या तुलनेत धरू नये. माहेरवाशिणी आलेल्या असतात, घराघरात पापड-कुरडया तळल्या जातात, आणि त्या आठवड्यात भाव झाकला काय, छापला काय, माल जातोच.

आता कुरडई. हीसुद्धा किलोवर विकली जाते, तिचाही भाव ठरलेला, मग पापडासारखाच छापून टाकावा असं वाटेल. धुळ्यातल्या गिऱ्हाइकासाठी ते बरोबर आहे. पण खानदेशातल्या वाळवणांचं मोठं गिऱ्हाईक पुण्यात, नाशकात, कल्याण-डोंबिवलीत आणि सुरतेत बसलेलं असतं, आणि तिथे कुरडई वेगळं वळण घेते.

बरेच खाजगी कुरिअरवाले पार्सलचं वजन दोन प्रकारे काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या आकारमानावरून: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त असेल त्याचे पैसे घ्यायचे. दोन किलो पापड एकावर एक रचले की २२ बाय २२ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात बसतात. गुणाकार ९,६८० होतो आणि भागाकार दोन किलोच्या आतच येतो, म्हणून पैसे काट्यावरच्या वजनाचे. दोन किलो कुरडया मात्र हवेने भरलेल्या असतात आणि दाबल्या की भुगा होतात. त्यांना ४० बाय ३० बाय ३० चं खोकं लागतं. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२. दोन किलो माल पाठवला आणि सव्वासात किलोचे पैसे भरले. किलोला ६० रुपये दर धरला, तर पापडाला सुमारे १२० आणि कुरडईला सुमारे ४३२ रुपये खर्च येतो. हिशेब न करता ‘कुरडई अमुक रुपये किलो, घरपोच’ असं छापलं, तर प्रत्येक पुणेरी ऑर्डरीला ताई स्वतःच्या पदरचे पैसे घालतात, आणि हे कळतं हंगाम संपल्यावर.

म्हणून कुरडईच्या पोस्टवर मालाचा भाव छापायचा आणि पोचवण्याचा खर्च वेगळा ठेवायचा. ‘धुळ्यात घरपोच फुकट. बाहेरगावी पार्सलखर्च वेगळा, गाव कळवा.’ ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीने पार्सल टाकत असाल आणि पुण्याचा, नाशिकचा दर खोक्यामागे ठरलेला असेल, तर तोही आकडा छापून टाकावा, कारण मग गावाखेरीज काही विचारायचं उरत नाही आणि गाव तर वाचणारीला स्वतःलाच ठाऊक असतं. मालाचा भाव आणि पोचवण्याचा खर्च एकाच आकड्यात मिसळले की जवळच्या गिऱ्हाइकाला माल महाग वाटतो आणि लांबच्याला स्वस्त, दोन्ही खोटं.

मांड्यांचं तिसरंच आहे. खापर, चूल, सरपण, पुरण वाटणारी, मांडा हातावर फिरवून मोठा करणारी, भाजणारी, अशा तिघी-चौघी लागतात आणि बहुतेक वेळा त्यांनी लग्नघरी जायचं असतं. किती मांडे, कोणत्या तारखेला, शिरपूरला की पारोळ्याला, पुरणाचं साहित्य घरचं की तुमचं, हे कळल्याशिवाय कोणतीही प्रामाणिक बाई भाव सांगू शकत नाही. इथे ‘मेसेज करा’ लिहिणं रास्त आहे. पण नुसतं तेवढंच लिहिलं, तर दहा मांडे हवे असणारीही मेसेज करते आणि हजार पानांची पंगत असणाराही. त्यासाठी जे ठरलेलं आहे ते छापावं: ‘कमीत कमी १०० मांडे. साहित्य आमचं असेल तर नगाला इतक्या रुपयांपासून. तारीख, गाव आणि संख्या कळवा.’ ‘पासून’ या शब्दाची एक अट आहे. त्या भावात निदान काही ऑर्डरी खरोखर जायला हव्यात. कधीच कुणाला न मिळणारा आकडा ‘पासून’ म्हणून छापला, तर पहिल्याच फोनवर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावर ते संशय घेतं.

एक भाव असा आहे जो झाकलाच पाहिजे, आणि तो आहे दुकानदाराचा. ताईंकडून शहरातला एखादा किराणावाला दहा किलोच्या वर पापड उचलतो आणि त्याला ३१० चा भाव मिळतो. तो आपल्या दुकानात ३६० ला विकतो आणि त्याच्या फळीचे, उधारीचे, पिशवीचे पैसे त्या पन्नासात निघतात. ताईंनी ३१० चा आकडा पोस्टवर टाकला, तर दुकानात पापड घेणारी बाई मोबाइल पुढे करून विचारेल, आणि दुकानदार पुढच्या वेळी माल घेणार नाही. इथे झाकणं लबाडी नाही, कारण दुकानदाराला खरोखर वेगळी वस्तू विकली जाते: एकदम जास्त माल, एकाच ठिकाणी, फुटकळ विक्रीची कटकट नसलेला. तेव्हा किरकोळ भाव उघड ठेवावा आणि ‘दुकानदारांनी संपर्क करावा’ अशी एक ओळ खाली घालावी. याच नियमाची दुसरी बाजूही पाळायला हवी: ताईंनी स्वतः पाच किलोच्या आतल्या किरकोळीत एरवी ३६० च्या खाली जाऊ नये, नाहीतर ज्याच्यासाठी घाऊक भाव झाकला त्याच्याच पोटावर पाय येतो.

सुरतेहून माल आणणाऱ्या साडीवाल्या भाव झाकण्याचं कारण म्हणून नेहमी ती पहिलीच भीती सांगतात, दुसरी आपला भाव बघून कमी लावेल ही. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ते जळगाव हा सगळा पट्टा सुरतेच्या कापडबाजाराशी बांधलेला आहे. एकाच व्यापाऱ्याचे तेच फोटो पन्नास जणींच्या हातात असतात. तिथे प्रत्येकीने आपला भाव छापला, तर दोन दिवसांत सगळ्या एकमेकींना खाली ओढतील ही भीती मला खोटी वाटत नाही. दुसरीकडे हुबेहूब तीच वस्तू मिळत असेल, तर छापलेला भाव ही नुसती तुलनेची सोय होते आणि सगळ्यात कमी नफ्यावर जगू शकणारीच उरते. पण झाकून तरी काय साधतं? तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर भावासकट असतोच. अशा बाईने भाव झाकण्याऐवजी फोटो बदलावा, असं माझं मत आहे. साडी घरात उलगडून, काठाचा आणि पदराचा स्वतः काढलेला फोटो, फॉल-पिको करून मिळेल का, रंग उतरला तर परत घेणार का, हे लिहिलं की तिची वस्तू इतरांसारखी राहत नाही आणि भाव छापायला भीती उरत नाही.

भाव झाकण्यातला सगळ्यात मोठा धोका गावाच्या आकारातून येतो. मुंबईत एकाच विक्रेत्याच्या दोन गिऱ्हाइकांची गाठ पडणं अवघड. धुळ्यात आणि जळगावात ती भिशीत पडते. घासाघीस करणारीला ३४० ला किलो दिला आणि न बोलता पैसे टाकणारीला ३६० ला, की महिनाअखेरीला दोघी एकाच चटईवर बसलेल्या असतात. एक मोबाइल काढून मेसेज दाखवते. जिने वीस रुपये जास्त दिले, ती बाई नेमकी विश्वासाने वागलेली असते, आणि तीच कायमची जाते. सूट द्यायची असेल तर तिचा नियम पोस्टवरच लिहावा: पाच किलोच्या वर किलोमागे २० रुपये कमी. मग ३४० हा आकडा कुणी जास्त बोलली म्हणून मिळत नाही, जास्त घेतला म्हणून मिळतो, आणि भिशीत तो दाखवला गेला तर तिथेच दोन ऑर्डरी एकत्र होतात.

आता जळगावच्या सराफ बाजाराकडे वळू, कारण रोज हलणाऱ्या भावाचं काय करायचं ते तिथे चांगलं शिकायला मिळतं. सोन्याचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शकतो. दागिन्याच्या फोटोवर पूर्ण किंमत छापली तर दुसऱ्या दिवशी ती चुकीची ठरते. म्हणून बरेचजण नुसतं ‘किमतीसाठी संपर्क’ लिहून मोकळे होतात. पण दागिन्याच्या किमतीत रोज हलणारा भाग एकच असतो. बाकीचे भाग स्थिर असतात आणि गिऱ्हाईक त्यावरूनच सराफ निवडतं.

आकडा सोपा यावा म्हणून २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. आठ ग्रॅमची साखळी, घडणावळ १२ टक्के. सोन्याचे ८०,०००, घडणावळीचे ९,६००, मिळून ८९,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे २,६८८. एकूण ९२,२८८. उद्या भाव ग्रॅमला २०० रुपयांनी चढला, तर एकूण किंमत सुमारे १,८४६ रुपयांनी वाढेल. पोस्टवर ‘वजन ८ ग्रॅम, २२ कॅरेट, हॉलमार्क, घडणावळ १२ टक्के, जीएसटी वेगळा, भाव खरेदीच्या दिवसाचा’ एवढं लिहिलं की पुढचं गणित गिऱ्हाईक स्वतः करतं, कारण त्या दिवसाचा भाव पेपरात आणि दुकानाच्या फलकावर असतोच. खरी तफावत घडणावळीत असते. एकाच वजनाची साखळी एकीकडे ८ टक्क्यांना आणि दुसरीकडे १८ टक्क्यांना मिळते. जो सराफ घडणावळ झाकतो आणि सोन्याचा भाव मोठ्या अक्षरात छापतो, त्याने सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा सांगितला आणि आपला तेवढा ठेवून घेतला. वाळवणांनाही हे लागू पडतं. कुणी घरची डाळ आणून देते आणि नुसते पापड करून घेते, तेव्हा डाळीचा बाजारभाव हलतो पण लाटणावळ हलत नाही. तिथे लाटणावळ किलोमागे छापावी.

छापलेला भाव पाळला गेला नाही, तर तो झाकलेल्यापेक्षा जास्त नुकसान करतो. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. केळीचा बोर्ड भाव रोज जाहीर होतो, पण प्रत्यक्ष कापणीला व्यापारी त्यापेक्षा कमी भाव देतात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. उघडपणाचा फायदा तेव्हाच, जेव्हा त्या आकड्यावर कुणीतरी उभं राहतं.

कायद्याचंही थोडं बघावं लागेल. वजन आधीच ठरवून, पिशवी सीलबंद करून विकणाऱ्याला वैध मापनशास्त्राचे २०११ चे नियम लागू होतात. पिशवीवर करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा काळ, तक्रारीसाठीचा संपर्क आणि सगळे कर धरून कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. ऑनलाइन विक्रीच्या पानावर यातली बरीचशी माहिती दाखवण्याची सक्ती १ जानेवारी २०१८ पासून आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी त्यात भर घालून ऑनलाइन बाजारात विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड सांगावी असं म्हटलं. तेव्हा सीलबंद पिशवीचा फोटो टाकून खाली ‘किमतीसाठी मेसेज करा’ लिहिण्यात अर्थ उरत नाही. फोटो मोठा केला की किंमत दिसते. गिऱ्हाइकासमोर काट्यावर तोलून दिलेल्या सुट्या मालाला पिशवीवरच्या छापील किमतीचा नियम लागत नाही.

शेवटचा मुद्दा भाव कुठे छापायचा याचा, आणि इथे बऱ्याच जणी अडकतात. भाव फोटोवर लिहिला तर फोटो पुढे जाताना तो सोबत जातो. फोटोखालच्या मजकुरात लिहिला तर पुष्कळदा नुसता फोटोच पुढे जातो आणि भाव मागे राहतो. स्टेटसवरची पोस्ट चोवीस तासांत जाते, पण कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट घेतलेला असतो. म्हणून हंगामभर न हलणारा भाव, जसा पापडाचा, फोटोवरच लिहावा आणि त्याखाली मुदत घालावी: ‘हा भाव ३० एप्रिलपर्यंत’. महिन्यात दोनदा हलणारा भाव मजकुरात किंवा व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ठेवावा, जिथे एका जागी बदलला की सगळ्यांना नवा दिसतो. फेब्रुवारीत आगाऊ ऑर्डर घेत असाल, तर डाळ महागण्याचा धोका कोणाचा, हे तेव्हाच लिहून टाकावं: ‘२० मार्चपर्यंत निम्मे पैसे भरणाऱ्यांना हाच भाव’. निम्मे पैसे हाती आले की त्या दिवशीच्या भावाने डाळ भरून ठेवता येते आणि शब्दही पाळता येतो.

एवढं करूनही जून महिन्यात पुण्याहून एखादी बाई मार्चमधला, बिनमुदतीचा जुना फोटो पाठवते आणि म्हणते, ‘यावर ३४० लिहिलंय.’ तोवर भाव ३६० झालेला असतो. अशा वेळी त्या एका ऑर्डरीला ३४० नेच माल द्यावा आणि सोबत मुदत घातलेला नवा फोटो पाठवावा. दोन किलोला चाळीस रुपये जातात. त्याच संध्याकाळी जुन्या पोस्टा उघडून ज्यांच्यावर तारीख नाही त्या काढून टाकाव्यात, म्हणजे पुढची ऑर्डर त्या भावाने येणार नाही.